थांबे धरून वेग, थांबे सोडून वेग: दहा मिनिटं की बारा?

प्रश्न: "सर, रेल्वे भरतीची तयारी करतोय. गणित असं: थांबे सोडून बसचा वेग ताशी ५४ किमी, थांबे धरून ताशी ४५ किमी, तर बस तासाला किती मिनिटं थांबते? पुस्तकात उत्तर १० आहे, मला १२ येतात. दुसरं म्हणजे हेच सूत्र मी बेळगाव-कोल्हापूर बसला लावलं. ड्रायव्हर म्हणतो गाडी साठनं पळते, पण पोचायला पावणेतीन तासांच्या वर लागतात. सूत्राप्रमाणं बस जवळपास तासभर उभी राहायला हवी, आणि तेवढी ती थांबत नाही. सूत्र चुकीचं आहे का?"

सूत्राचा दोष नाही. पहिल्या ठिकाणी तुम्ही भागाकार दुसऱ्याच वेगानं केलाय आणि दुसऱ्या ठिकाणी सूत्रात घातलेला साठचा आकडा त्या जागेचा नाही. वरवर पाहता या दोन वेगळ्या चुका आहेत, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. "थांबे सोडून वेग" म्हणजे नेमकं कशाला कशानं भागायचं, हे पक्कं झालं की दोन्ही सुटतात.

आधी १० आणि १२ चं बघू. तुम्ही दोन वेगांतला फरक ९ काढला आणि त्याला ४५ नं भागलं. एक पंचमांश तास, म्हणजे १२ मिनिटं. पुस्तकानं त्याच ९ ला ५४ नं भागलं आणि एक षष्ठांश तास, म्हणजे १० मिनिटं काढली. सूत्र पाठ करणारा इथं हमखास घसरतो, कारण कुठल्या वेगानं भागायचं हे नुसत्या पाठांतरात टिकत नाही. म्हणून सूत्र बाजूला ठेवा आणि घड्याळ घेऊन बसमध्ये बसलाय असं समजा.

घड्याळात एक तास झाला. त्या तासात बस ४५ किमी पुढं गेली, कारण थांबे धरून वेग ४५ आहे. पण बस रस्त्यावर असताना ५४ नं जाते. ५४ नं ४५ किमी जायला ५० मिनिटं पुरतात. मग राहिलेली १० मिनिटं कुठं गेली? बस कुठंतरी उभी होती. पुस्तकाचं उत्तर ते हेच.

आता तुमचे १२. बसची चाकं एकूण एक तास फिरली असं धरा. तेवढ्यात ती ५४ किमी गेली. पण थांबे धरून ४५ चा वेग असेल तर ५४ किमीला ७२ मिनिटं लागतात. म्हणजे चाकांच्या एका तासामागं १२ मिनिटांचा थांबा पडला. तेव्हा तुमचे १२ हेही खरं उत्तर आहे, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं नाही. प्रश्नात "तासाला" असतं तेव्हा घड्याळाचा तास धरायचा, चाकांचा नाही. १० ला ५० आणि १२ ला ६० हे एकच प्रमाण आहे, त्यामुळं दोन्ही उत्तरांचं एकमेकांशी भांडण नाही.

बसचं वेळापत्रक लावताना दोन्ही आकडे वापरात येतात, म्हणून हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. प्रवाशाला घड्याळाशी मतलब असतो, ड्रायव्हर स्टिअरिंगवर किती वेळ होता हे बघायला चाकांचा तास लागतो. समजा याच बसचा प्रवास घड्याळात सहा तासांचा आहे. थांबे झाले ६ गुणिले १०, म्हणजे ६० मिनिटं. चाकं फिरली ५ तास, आणि ५ गुणिले १२ हेही ६० च. गडबड होते ती घड्याळाच्या सहा तासांना १२ नं गुणल्यावर. मग ७२ मिनिटं येतात, आणि बारा मिनिटं कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही.

परीक्षेत यासाठी सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे अंतर स्वतःच धरणं. ५४ आणि ४५ चा लसावि २७०. तर २७० किमीचा प्रवास धरा. थांबे सोडून ५ तास, थांबे धरून ६ तास. एक तास थांब्यांत गेला, तो सहा तासांच्या प्रवासात गेला, म्हणून तासाला दहा मिनिटं. कागदावर दोन ओळींत होतं आणि कशानं भागायचं हा प्रश्नच उरत नाही. तरी सूत्र हवंच असेल तर ते असं:

(थांबे सोडून वेग − थांबे धरून वेग) ÷ थांबे सोडून वेग × ६०

भागाकार नेहमी मोठ्या वेगानं. तुम्ही तो लहान वेगानं केला होता.

आता तुमची कोल्हापूरची बस. तुम्ही नेमकी कुठली फेरी बघितली ते लिहिलेलं नाही, आणि सकाळच्या बसचा हिशोब संध्याकाळच्या बसला लागू होत नाही. म्हणून गोल आकड्यांची एक नमुना फेरी घेतो. बेळगाव ते संकेश्वर ४८ किमी, संकेश्वर ते निपाणी २७, निपाणी ते कोल्हापूर ४०. एकूण ११५ किमी.

बेळगाव स्टँडवरून सुटली ७:०० ला.
संकेश्वरला पोचली ८:००, सुटली ८:०६.
निपाणीला पोचली ८:४२, सुटली ८:५७.
कोल्हापूर स्टँडवर पोचली ९:५१.

घड्याळात एकूण १७१ मिनिटं गेली. त्यात संकेश्वरची ६ आणि निपाणीची १५, म्हणजे २१ मिनिटं थांब्यांची. उरलेली १५० मिनिटं, म्हणजे अडीच तास, बस चालत होती. थांबे सोडून वेग ११५ भागिले अडीच, ताशी ४६ किमी. थांबे धरून वेग ११५ भागिले २.८५, ताशी सुमारे ४०.४ किमी. सूत्रात हे दोन घाला, तासाला जेमतेम साडेसात मिनिटं थांबा येतो. त्याला २.८५ तासांनी गुणलं की परत २१ मिनिटं मिळतात. सूत्रानं काही बिघडवलं नाही.

आता ४६ च्या जागी ड्रायव्हरचे ६० घालून बघा. तासाला जवळपास वीस मिनिटं थांबा येतो आणि पूर्ण प्रवासात ५६ मिनिटं. तुम्हाला "जवळपास तासभर" मिळाला तो इथूनच. साठनं ११५ किमी जायला ११५ मिनिटं लागली असती, लागली १७१. फरक ५६ मिनिटांचा. सूत्राला आपण सांगितलं की ही बस उभी नसते तेव्हा कायम साठनंच असते. त्यानं बिचाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवून हळू चालण्यात गेलेला सगळा वेळ थांब्यांच्या नावावर लावला. प्रत्यक्षात ५६ पैकी २१ मिनिटंच बस उभी होती. बाकीची ३५ चालताचालता गेली.

ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. तो हायवेवरचा काटा सांगत होता. हत्तरगी टोलनाका ओलांडून मोकळा रस्ता लागला की काटा साठवरच असतो, कधी त्याच्याही वर. पण बेळगाव स्टँडवरून हायवेला लागेपर्यंतचे पाच किलोमीटर जर विसाच्या वेगानं गेले तर तिथं १५ मिनिटं जातात. साठनं ती ५ लागली असती, म्हणजे दहा मिनिटं इथंच गेली. कोल्हापुरात शिरल्यावर स्टँडपर्यंतचे सहा किमी अठराच्या वेगानं धरले तर २० मिनिटं, साठनं ६ लागली असती, म्हणजे आणखी चौदा. दोन्ही मिळून चोवीस. राहिलेली अकरा मिनिटं संकेश्वर आणि निपाणी गावात शिरून परत बाहेर पडणं, हत्तरगी आणि कोगनोळीच्या टोलवरची रांग, आणि वाटेत हात दाखवून बस थांबवणारे यांच्यात वाटली जातात.

या हात दाखवण्याकडं जरा थांबून बघा, कारण तो तुमच्या नोंदीत थांबा म्हणून येतच नाही. बस अर्धा मिनिट उभी राहते, एकजण चढतो, घंटी होते. पण साठवरून शून्यावर येणं आणि शून्यावरून पुन्हा साठवर जाणं यात आणखी वीस-पंचवीस सेकंद जातात. प्रवाशाच्या मते बस "जरा थांबली", घड्याळाच्या मते जवळपास एक मिनिट गेलं. असे पाच-सहा झाले की वेग उतरलेला दिसतो आणि कारण सापडत नाही. हिशोब करणाऱ्यानं आधीच ठरवायचं की असे बारके थांबे थांब्यात धरायचे की चालण्यात. काहीही धरा, पण दोन फेऱ्यांची तुलना करणार असाल तर दोन्हीकडं एकच नियम ठेवा.

विनाथांबा बस एवढी लवकर का पोचते, तेही यातूनच कळतं. लोक म्हणतात, संकेश्वर-निपाणीचे थांबे वाचले, म्हणजे एकवीस मिनिटं वाचली. पण ती गाडी गावात शिरतच नाही. हायवे सोडून स्टँडकडं वळणं आणि परत हायवेला येणं, गावामागं पाच मिनिटं धरली तरी अजून दहा वाचतात. १७१ ची १४० झाली. थांबे धरून वेग चाळीसवरून एकोणपन्नासावर गेला, आणि काटा मात्र दोन्ही बसचा साठच.

रेल्वेत ही गोष्ट आणखी ठळक होते, आणि तुम्ही रेल्वे भरतीला बसताय म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडं अमुक गाडीला खानापूरला थांबा द्या, तमुक गाडीला घटप्रभेला द्या, ही मागणी कायमची. मागणी रास्त असेलही. पण त्यासोबत एक वाक्य ऐकू येतं ते हिशोबात बसत नाही: "दोनच तर मिनिटं थांबायचंय."

ताशी १०० नं जाणारी बावीस-चोवीस डब्यांची गाडी घ्या. वेग वाढण्याचा आणि ब्रेकचा दर इंजिन, डब्यांचं वजन आणि चढ-उतार यांवर ठरतो, तेव्हा पुढचे आकडे अंदाजे धरा. ब्रेक लावून उभी राहायला तिला सुमारे ७० सेकंद लागतात. तेवढ्यात ती एक किमीच्या आसपास जाते. न थांबता तेच अंतर तिनं ३५ सेकंदांत कापलं असतं, म्हणून ३५ सेकंद गेले. सुटल्यावर परत १०० गाठायला सुमारे १४० सेकंद आणि दोन किमीच्या आसपास अंतर लागतं, आणि तिथं ७० सेकंद जातात. उभं राहण्याची दोन मिनिटं धरून एकूण पावणेचार मिनिटं झाली. गाडी मुख्य लाइनवर न घेता बाजूच्या लूप लाइनवर घेतली, तर रूळ बदलायच्या सांध्यावरून साधारण ३० च्या वेगानं जावं लागतं, आणि निघताना शेवटचा डबा सांधा ओलांडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. अर्ध्या किलोमीटरहून लांब गाडीला ते महाग पडतं. त्यात आणखी दीड मिनिट धरलं तर दोन मिनिटांचा थांबा सव्वापाच मिनिटांना पडतो.

आता इथं परीक्षेच्या गणितात लपलेलं एक गृहीतक उघडं पडतं. गणित धरून चालतं की थांबे कितीही असोत, थांबे सोडून वेग तोच राहतो. खऱ्या गाडीत तसं होत नाही. ब्रेक लागताना आणि वेग घेताना गाडी चालतच असते, म्हणून तो तोटा चालण्याच्या वेळात मोजला जातो. थांबे वाढले की थांबे धरून वेग उतरतोच, पण थांबे सोडून वेगही उतरतो.

हे आकड्यांत बघा. मिरज ते बेळगाव मार्गावर कुडची, चिंचली, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, सुळेभावी अशी स्टेशनं थोड्याथोड्या अंतरावर आहेत. समजा पॅसेंजर दर ७ किमीला थांबते आणि मध्ये १०० चा वेग गाठते. ७ किमीला १०० नं २५२ सेकंद, त्यात थांबण्या-सुटण्याचे १०५, एकूण ३५७ सेकंद. थांबे सोडून वेग झाला ताशी साधारण ७०. त्याच रुळावर, त्याच इंजिनानं, दर ५० किमीला थांबणारी एक्स्प्रेस न्या. १८०० अधिक १०५ सेकंद, थांबे सोडून वेग ९४. पॅसेंजरच्या प्रत्येक स्टेशनवरचं एक मिनिट धरलं तर तिचा थांबे धरून वेग ६० वर येतो. म्हणजे ताशी १०० ची गाडी ६० ला आली, आणि त्यातली तीस किलोमीटरची घट स्टेशनात उभं राहण्याआधीच झालेली होती. पॅसेंजर हळू असते ती फक्त उभी राहते म्हणून नव्हे.

छापील वेळापत्रकात याहून कमी वेग दिसेल. त्याची दोन कारणं नेहमीची. एक म्हणजे क्रॉसिंग किंवा मागच्या गाडीला पुढं काढणं. एकेरी मार्गावर समोरून गाडी येईपर्यंत लूपमध्ये उभं राहावं लागतं, आणि हा थांबा प्रवाशांसाठी नसल्यानं वेळापत्रकात त्याचं नाव नसतं. कागदावर तो चालण्याचाच वेळ दिसतो. दुसरं कारण म्हणजे राखून ठेवलेला वेळ. वाटेत उशीर झाला तर भरून काढता यावा म्हणून काही मिनिटं वेळापत्रकात मुद्दाम जास्त दिलेली असतात, आणि ती बहुतेक करून शेवटच्या किंवा मोठ्या स्टेशनच्या अलीकडच्या टप्प्यात घातलेली असतात. ओळखायचं कसं? तोच टप्पा उलट दिशेच्या गाडीसाठी बघा. शेवटचे दहा किमी येणाऱ्या गाडीला अर्धा तास दाखवलेत आणि जाणाऱ्या गाडीला बारा मिनिटं, तर मधली अठरा मिनिटं रुळामुळं नाहीत, राखीव आहेत. त्या टप्प्यावरून गाडीचा चालण्याचा वेग काढायला गेलात तर ताशी वीस येईल आणि तो कुणाच्याच कामाचा नसेल.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या दाराशीच आहे. लोंढ्याहून गोव्याकडं जाताना कॅसलरॉक ते कुळे हा घाट लागतो. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं जाताना एक मीटर वर. रेल्वेच्या मानानं हा फार उभा चढ. वर येणाऱ्या गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात, खाली उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक कॅसलरॉकला तपासून घ्यावे लागतात. इथं दोन्ही गोष्टी एकदम होतात. घाटात गाडी चालतच हळू असल्यानं थांबे सोडून वेगही कमी असतो, आणि इंजिन व ब्रेकसाठीचे तांत्रिक थांबे वेगळे. असा टप्पा पूर्ण प्रवासाच्या सरासरीत मिसळला की बाकीच्या सपाट मार्गावर गाडी किती चांगली पळते हे दिसेनासं होतं. म्हणून वास्को-बेळगाव अशा प्रवासाचा एकच सरासरी वेग काढून गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घाटाखाली, घाटात आणि घाटावर असे तीन तुकडे वेगळे मोजा. आणि मोजलेल्या तीन वेगांची बेरीज करून तीननं भागू नका. एकूण अंतराला एकूण वेळेनं भागा. बसच्या उदाहरणातही तीन टप्प्यांचे वेग ४८, ४५ आणि ४४.४ येतात. त्यांची साधी सरासरी ४५.८, खरा वेग ४६. तिथं फरक थोडा आहे कारण तिन्ही वेग जवळजवळ आहेत. घाटासारख्या टप्प्यात तो मोठा होतो.

थांबे धरून वेगाचं एक व्यवहारी वजनही आहे. ब्रॉडगेजवरची गाडी सुपरफास्ट म्हणवते ती सुरुवातीच्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत, दोन्ही दिशांना, सरासरी वेग किमान ताशी ५५ किमी असेल तर. सुपरफास्टचं जादा शुल्क यावरच बसतं, आणि हा वेग थांबे धरून मोजतात. वाटेत काटा ११० वर गेला की नाही याला इथं किंमत नाही.

आता नुसतं समजून घेण्यासाठी ६०० किमीची एक गाडी धरा, जी १० तास ४४ मिनिटांत पोचते. वेग ५५.९, म्हणजे सुपरफास्ट. तिला दोनदोन मिनिटांचे चार नवे थांबे दिले. "दोनच मिनिटं" वाल्या हिशोबानं वाढले ८, वेळ १० तास ५२ मिनिटं, वेग ५५.२. पट्टी ओलांडलेली आहे, चिंता नाही. पण वर काढलेल्या हिशोबानं प्रत्येक थांबा पावणेचार मिनिटांचा, म्हणजे चार थांब्यांना १५ मिनिटं. वेळ १० तास ५९ मिनिटं आणि वेग ५४.६. गाडी सुपरफास्टच्या पट्टीखाली आली. थांबा मागणाऱ्याला आणि थांबा देणाऱ्याला गाडी वेगळी दिसते ती या सात मिनिटांत. अर्थात राखीव वेळ शिल्लक असेल तर त्यातून हे भागवता येतं, म्हणून प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही.

स्वतः मोजून बघायचं असेल तर साधनं फारशी लागत नाहीत. घड्याळ आणि वही पुरते. फक्त वेळ लिहिताना गाडी स्टँडमध्ये शिरली तेव्हाची लिहू नका, चाकं थांबली तेव्हाची लिहा. सुटतानाही घंटी झाल्याची न लिहिता चाकं हलल्याची. निपाणी स्टँडवर फाट्यापासून फलाटापर्यंतचा रेंगाळणारा वेळ एकदा थांब्यात आणि एकदा चालण्यात धरला, की दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत आणि माणूस बसला दोष देतो. फोनवरचं वेगाचं ॲप वापरणार असाल तर त्यातला "चालण्याचा वेळ" डोळे झाकून घेऊ नका. अशी ॲपं अगदी कमी वेगाच्या खाली गेलं की गाडी थांबली असं धरतात. कोगनोळीच्या टोलवर बस इंचाइंचानं सरकते तेव्हा ॲप त्याला थांबा म्हणेल, तुमची वही चालणं म्हणेल. एकूण वेळ दोघांचाही सारखा येतो, म्हणून थांबे धरून वेग नेहमी जुळतो. थांबे सोडून वेगाचं तसं नाही, तो मोजणाऱ्याच्या व्याख्येनं बदलतो. कुणी नुसता आकडा सांगितला तर आधी विचारा, उभं राहणं कशाला धरलंय.

जाताजाता परीक्षेतल्या गणिताचा दुसरा प्रकार बघून ठेवा, कारण "तासाला किती मिनिटं" ची पद्धत तिथं चुकीचं उत्तर देते. बसचा थांबे सोडून वेग ताशी ६० किमी, दर ४० किमीनंतर ६ मिनिटं थांबते, तर २४० किमीला थांबे धरून वेग किती? चालण्याचा वेळ ४ तास. थांबे किती? २४० भागिले ४० म्हणजे सहा, असं चटकन लिहिलं जातं. पण सहावा थांबा २४० व्या किलोमीटरवर आहे आणि तिथं प्रवास संपलेला आहे. तिथं बस किती वेळ उभी राहते याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. थांबे पाचच: ४०, ८०, १२०, १६०, २०० वर. ५ गुणिले ६, अर्धा तास. एकूण साडेचार तास, वेग ५३.३. सहा थांबे धरले तर ५२.२ येतं, आणि एका ४० किमीच्या टप्प्याला ४० अधिक ६ मिनिटं धरून सरळ वेग काढला तरी तेच ५२.२, म्हणून चुकीचं उत्तर दोन वाटांनी जुळतं आणि जास्तच खरं वाटतं. पर्यायांमध्ये दोन्ही आकडे दिलेले असतील तर आधी शेवटच्या किलोमीटरवर थांबा मोजलाय का ते तपासा.